उतरेल तेच माप

काचेच्या बांगड्यांसाठी मराठीत दोन क्रियापदे पक्की ठरलेली आहेत. बांगड्या 'भरतात' आणि बांगडी 'वाढते' किंवा 'वाढवली जाते'. पहिल्यासाठी कासार आहे, पाट आहे, हळदीकुंकू आहे, लग्नाआधीचा चुड्याचा दिवस आहे. दुसरे क्रियापद म्हणजे फुटण्याला दिलेले सौम्य नाव. मधली एक क्रिया मात्र भाषेत जवळजवळ रिकामी राहिली आहे, ती म्हणजे बांगडी अखंड काढून ठेवणे. सोन्याच्या पाटल्या 'उतरवतात', काचेच्या बांगड्यांबद्दल असे सहज कोणी म्हणत नाही. ज्या क्रियेला नाव नाही तिची रीतही शिकवली जात नाही. बांगडी कशी चढवावी हे ज्ञान कासाराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरले, आणि कशी उतरवावी हे मात्र प्रत्येक बाईने मोरीत साबण लावून, दात-ओठ खात, आपले आपण शोधून काढले. माझे म्हणणे असे आहे की बांगडीचे माप ठरवण्यात आपण याच कारणाने चुकतो. 'चढली की झाले' अशी आपली कसोटी असते. कसोटी उतरण्याची असायला हवी. जी बांगडी बाईच्या स्वतःच्या दुसऱ्या हाताने, साबणाशिवाय, कोणाच्या मदतीशिवाय उतरते, तेच तिचे माप. बांगडी फुटण्याच्या, मनगट कापण्याच्या आणि ऐन वेळी अडकून बसण्याच्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ माप निवडण्याच्या त्या एका क्षणात असते.

हे पटण्यासाठी बांगडी कशी तयार होते ते आधी पाहावे लागते. आपल्याकडच्या काचेच्या बहुतेक बांगड्या उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. तिथे वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळली जाते आणि स्प्रिंगसारखे लांबच लांब वेटोळे तयार होते. या रुळाला तिथे बेलन म्हणतात. वेटोळे उतरवून त्याच्यावर एका बाजूने सरळ रेघ ओढून ते कापले की सुटी कडी मिळतात. पण स्प्रिंगचे कडे कापल्यावर त्याची दोन टोके एका पातळीत नसतात, एक वर आणि एक खाली राहते. म्हणून कडे आधी आचेवर नरम करून सरळ करतात, याला सिधाई म्हणतात. मग ज्योतीवर धरून दोन टोके जोडतात, ती जुड़ाई. त्यानंतर रंग, सोनेरी रेघा, नक्षी आणि शेवटी भट्टीत पकाई. याचा अर्थ असा की आपल्या हातातल्या साध्या काचेच्या बांगडीला सांधा असतो. बोटाचे टोक हलकेच फिरवले तर एका जागी बारीकसा फुगवटा किंवा खाच लागते, तोच तो. तो चांगला जुळलेला असेल तर बांगडी वर्षानुवर्षे टिकते. अर्धवट जुळला असेल तर बहुधा तिथेच जाते.

काचेचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. काच दाब फार सोसते, ताण मात्र सोसत नाही. धातूचे कडे ताणले तर आधी वाकते आणि वाकून आपल्याला इशारा देते. काच वाकते ती केसभर, आणि मग एकदम तुटते. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे कारण मांडले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, ताण पडला की तो चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून तडा पुढे धावतो. म्हणून नव्या कोऱ्या बांगडीपेक्षा सहा महिने ओट्याला घासलेली बांगडी जास्त नाजूक असते, दिसायला दोघी सारख्याच असल्या तरी. अनेकींची समजूत असते की जाड बांगडी घट्ट बसली तरी चालते, कारण ती दणकट असते. ठोकर सोसण्याच्या बाबतीत ते खरेच आहे. पण कडे एका मर्यादेपर्यंत लांबट व्हायलाच हवे अशी वेळ आली, तर तेवढ्याच वाकण्याला जाड काचेत ताण जास्त येतो. अरुंद मापाची जाड बांगडी हातावर चढवताना तडकते ती यामुळे.

आता हाताकडे वळू. बांगडी मनगटाला बसायची असली तरी तिचे माप मनगट ठरवत नाही. वाटेतला सर्वांत रुंद भाग तिचे माप ठरवतो, म्हणजे चार बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठी आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा. हा भाग गोल नसतो, चपटा असतो. समजा अंगठा आत घेतल्यावर हाताची रुंदी सात सेंटिमीटर आणि जाडी चार सेंटिमीटर आहे. अशा हाताचा घेर सुमारे अठरा सेंटिमीटर भरतो. अठरा सेंटिमीटर घेराच्या गोल बांगडीचा आतला व्यास मात्र जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर असतो. घेर सारखा असूनही हात बांगडीतून जात नाही, कारण सात सेंटिमीटरची रुंदी पावणेसहाच्या भोकातून जायची कशी? चपटा हात तसाच आत सारला तर तो बांगडीला फक्त दोन टोकांना बाहेर रेटतो, तर्जनीच्या गाठीशी आणि करंगळीच्या गाठीशी. बांगडी अंडाकृती होऊ पाहते, त्या दोन जागी बाहेरच्या कडेला जास्तीत जास्त ताण येतो, आणि ती मोडते.

कासाराची करामत इथेच आहे. तो बांगडी ओढत नाही, हात गोल करतो. आपल्या पंजातली तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडे मनगटाशी जवळपास पक्की बसलेली असतात, ती हलत नाहीत. अनामिका आणि करंगळीची हाडे मात्र मुळाशी थोडी हलतात, म्हणून आपल्याला तळव्याची ओंजळ करता येते. अंगठ्याचा सांधा तर खोगिरासारखा असतो, तो तळव्यावर पार करंगळीच्या बुडापर्यंत नेता येतो. कासार एका हाताने बाईचा पंजा दाबून ही ओंजळ करतो, अंगठा आत घेतो, मांस बोटांनी पुढे सारतो आणि दुसऱ्या हाताने बांगडी जराशी तिरकी धरून आधी एक गाठ आणि मग दुसरी अशा पाळीने पुढे नेतो. दोन टोकांवरचा ताण असा घेरभर वाटला जातो. त्याच्या हातून एका मापाने लहान बांगडीही सुखरूप चढते आणि बघणारे 'काय हात आहे!' म्हणतात. कौतुक खरे आहे, पण बांगडी उतरवायच्या वेळी हा माणूस हजर नसतो. दोन हात कामाला लावणारा, रोज शेकडो पंजे हाताळणारा कारागीर चढवतो, आणि उतरवायला बाईचा एकच मोकळा हात असतो, पुष्कळदा डावा. शिवाय चढवताना मांस बोटांकडून मनगटाकडे सरकते, तिथे जागा असते. उतरवताना अंगठ्याच्या बुडाचे मांस बांगडीपुढे गोळा होऊन वळ धरते आणि वाट आणखी अडते. चढण्याची आणि उतरण्याची वाट एकच असली तरी दोन्ही प्रवास सारखे नाहीत. माप पहिल्या प्रवासावरून का ठरवू नये, त्याचे हे मुख्य कारण.

मापांच्या आकड्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथला गोंधळ हल्ली वाढला आहे. बाजारात दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा अशी मापे असतात. यातला पहिला आकडा इंचाचा आणि दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा. रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा भाग. म्हणून जुन्या बायका दोन-चारला सव्वादोन आणि दोन-आठला अडीच म्हणत, आणि ते अगदी बरोबर आहे. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचे असते. घोटाळा होतो तो लिहिताना. ऑनलाइन विक्रीत तेच माप टिंब देऊन २.४ असे छापले जाते आणि वाचणारा त्याला दशांश समजतो. दशांशातले २.४ इंच म्हणजे जवळजवळ ६१ मिलिमीटर, खरे दोन-चार म्हणजे ५७ मिलिमीटर. एवढ्या फरकात मागवलेली बांगडी एका मापाने लहान निघते. २.१० तर दशांश म्हणून वाचले की २.४ पेक्षा लहान वाटते, वस्तुतः ते सर्वांत मोठ्यांपैकी एक. टिंब दिसले तरी ते दशांशचिन्ह धरू नये.

व्यास हातावर मोजता येत नाही, घेर मोजता येतो, आणि इथे एक सोयीचा योग जुळून आला आहे. प्रत्येक मापात व्यास इंचाच्या आठव्या भागाने वाढतो, म्हणजे घेर जवळजवळ एकेक सेंटिमीटरने वाढतो. दोन-दोनचा आतला घेर सुमारे १७ सेंटिमीटर, दोन-चारचा १८, दोन-सहाचा १९, दोन-आठचा २० आणि दोन-दहाचा २१. (खरे आकडे यापेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने कमी आहेत, व्यवहाराला हे पुरतात.) मोजायची रीत सोपी आहे. बोटे जुळवायची, अंगठ्याचे टोक करंगळीच्या बुडाला टेकवायचे, तळवा ओंजळीसारखा जरा खोलगट करायचा, आणि बोटांच्या गाठी व अंगठ्याचा उंचवटा यांच्यावरून, जिथे हात सर्वांत जाड भरेल तिथून, कागदाची पट्टी किंवा न ताणणारा दोरा गुंडाळायचा. दोरा अंगाला लागावा, रुतू नये. दोन्ही हात मोजावेत, कारण ज्या हाताने आपण जास्त काम करतो तो सहसा जरा मोठा असतो. मोजमाप संध्याकाळी करावे. दिवसभराच्या कामाने, उन्हाने आणि हात खाली सोडून चालल्याने पंजा सुजट होतो, सकाळचा घेर संध्याकाळी राहत नाही. मिळालेल्या आकड्याच्या लगेच वरचे माप घ्यावे. १८.३ भरले तर दोन-चारकडे पाहूच नये, दोन-सहा घ्यावे. १८.९ भरले तर दोन-सहाही नावापुरतेच, दोन-आठचा विचार करावा, कारण आकडा जेमतेम जुळला तरी हात पूर्ण गोल होत नाही, त्याला थोडी उसंत लागते.

एक प्रसंग हिशेबाने पाहू. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळेजेवण होते आणि हिरव्या बांगड्या भरल्या जातात. समजा त्या दिवशी हाताचा घेर १८.३ सेंटिमीटर आहे. आधीपासून दोन-चार माप ठाऊक आहे म्हणून कासार तेच काढतो. १८.३ चा हात १८ च्या बांगडीतून नेण्यासाठी तीन मिलिमीटर घेर दाबून कमी करायचा आणि चपटेपणा जिरवायचा, कासाराला हे साबणाच्या फेसावर सहज साधते. बांगड्या मनगटावर सुरेख गच्च बसतात, सगळ्यांना आवडतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत शरीरात पाणी साठते, पाय सुजतात तसे हातही सुजतात. महिना-दीड महिन्यात घेर १९ च्या वर गेला, तर आता उतरवताना एक सेंटिमीटरहून जास्त कमी करावे लागणार, आणि ते सूज असलेल्या, दुखऱ्या पंजावर. ते होत नाही. प्रसूतीच्या खोलीत दाखल होताना, सलाइनची सुई लावायची वेळ आली, किंवा शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाली, की परिचारिका बांगड्या काढायला सांगते, आणि तिथे त्या फोडाव्याच लागतात. त्याच बाईने दोन-सहा घेतले असते तर १९ च्या घेराला पुढे सांगितलेल्या पिशवी-तेलाच्या युक्तीने, पाच मिनिटे हात उंच धरून, त्या अखंड उतरल्या असत्या. म्हणून डोहाळेजेवणाच्या बांगड्या नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठ्या भराव्यात. वय वाढल्यावर किंवा संधिवाताने बोटांच्या गाठी जाड झाल्यावरही हीच गोष्ट घडते. पंचविशीत चढलेली बांगडी साठीत मनगटावर सैल फिरत असते, पण गाठींवरून मागे येत नाही.

या मतावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो हलका नाही. सैल बांगडी हातावर वर-खाली होते, ओट्यावर, नळावर, दाराच्या कडीवर आपटते आणि घट्ट बांगडीपेक्षा लवकर फुटते. हे खरे आहे. आपटून फुटणाऱ्या बांगड्यांत सैल बांगड्यांचा वाटा मोठा असणार हे मान्य केले पाहिजे. पण त्या कुठे फुटतात ते पाहा. सैल बांगडी ठोकर लागून फुटते तेव्हा ती बहुधा हातापासून सुटी असते, तुकडे खाली पडतात. गच्च बांगडी फुटते तेव्हा तिच्या दोन्ही धारा कातडीला टेकलेल्या असतात, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला शिरा आणि नसा कातडीच्या अगदी जवळून जातात. बांगडी जास्त फुटली तर डझनाचा खर्च वाढतो, गच्च बांगडी फुटली तर टाके पडू शकतात. दोन्ही नुकसानी एका तराजूत घालता येत नाहीत. त्याशिवाय सैलपणावर उपाय आहेत, गच्चपणावर नाहीत. दोन मापांच्या फरकाने नव्हे, एकाच मापाने सैल घ्यावे. मनगट भरेल इतक्या बांगड्या घालाव्यात म्हणजे एकटी बांगडी उडत नाही. पुढच्या बाजूला, पंजाजवळ, नेमक्या मापाची पाटली किंवा धातूचे एखादे कडे ठेवावे, म्हणजे मागच्या काचेच्या बांगड्यांना बांध पडतो आणि ओट्याची पहिली ठोकर धातू खातो. सोने काचेपेक्षा मऊ असते, ते काचेला ओरखडत नाही. खडे जडवलेल्या बांगड्या मात्र काचेशेजारी घालू नयेत. पुष्कळ खडे काचेहून कठीण असतात आणि घासून त्या बारीक चिरा पाडतात ज्यांबद्दल वर लिहिले. वाळू आणि राखेने भांडी घासतानाही हेच होते, आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावरही, कारण वाळूत आणि ग्रॅनाइटात असलेले स्फटिक काचेपेक्षा कठीण असते. आच लागून बांगडी तडकते अशी भीती पुष्कळ वाटते. पातळ काच आतून-बाहेरून चटकन सारखी तापते, म्हणून साध्या बारीक बांगडीला स्वयंपाकाच्या आचेचे भय कमी, जाड बांगडीला तापल्यावर गार पाण्याखाली धरण्याचे जास्त.

दुकानात बांगडी घेताना पाहण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत. पहिली, आवाज. बांगडी एका बोटावर लोंबती ठेवून दुसऱ्या बांगडीने हलकेच टिचकी मारावी. अखंड बांगडी खणखणीत वाजते, टिचलेली बद्द बोलते. डझन हातात घेऊन खुळखुळवल्याने हे कळत नाही, एकेक वाजवावी लागते. दुसरी, सांधा. बोट फिरवून तो सापडावा पण बोचू नये. दोन टोके वर-खाली जुळली असतील तर ती बांगडी परत द्यावी, तिथून ती कातडी घासेल आणि तिथूनच तुटेल. तिसरी, एकसारखेपणा. एकाच मापाच्या डझनात एखादी बांगडी तसूभर घट्ट किंवा वाकडी निघते. सगळ्या एकावर एक रचून सपाट जागी ठेवल्या की डुलणारी आणि आत आलेली कडा लगेच दिसते. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा गावच्या जत्रेत गर्दी असते आणि एवढे कोण पाहणार असे वाटते, पण एका डझनाला या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. घरी आल्यावर आठवड्यातून एकदा कापसाचा बोळा बांगड्यांवरून फिरवावा. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे चीर आहे, ती बांगडी आता रोज घालायची नाही.

उतरवण्याची रीत आता क्रमाने. घाई करू नये. हात पाच-दहा मिनिटे डोक्याच्या वर उंच धरावा, नंतर गार पाण्यात ठेवावा. सूज उतरली की घेर काही मिलिमीटर कमी होतो, आणि वर पाहिलेच की खेळ काही मिलिमीटरांचाच आहे. मग पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांकडून हातावर चढवावी आणि तिचे तोंड बांगडीच्या खालून मनगटाकडे ओढून घ्यावे. पिशवीवर, म्हणजे बाहेरून, थोडे खोबरेल तेल किंवा साबणाचे पाणी लावावे. साबण थेट कातडीवर लावण्यापेक्षा ही रीत बरी, कारण कातडी बांगडीला चिकटून तिच्यापुढे गोळा होते, पिशवी तसे होऊ देत नाही. बांगड्या सगळ्या एकदम ओढायच्या नाहीत, एक-एक, पंजाजवळची आधी. सुरुवातीला बांगडी फिरवून सांधा शोधावा आणि तो तर्जनीच्या किंवा करंगळीच्या गाठीवर येणार नाही अशा बेताने ठेवावा, कारण तिथे ताण सर्वांत जास्त. अंगठ्याचे टोक करंगळीच्या बुडाला, तळव्याची ओंजळ, बोटे सैल. बोटे ताठ केली की गाठी रुंद होतात, बहुतेकींची चूक इथेच होते. बांगडीची अंगठ्याकडची बाजू आधी उंचवट्यावरून पुढे काढावी, मग करंगळीकडची, असे झुलवत न्यावे. सरळ जोर लावून ओढू नये. दुसरे कोणी मदतीला असेल तर त्याने बांगडी ओढू नये, दोन्ही हातांनी पंजा दाबून गोल करावा, ओढणे जिचा हात तिच्याकडेच असावे. दुखते कुठे ते तिलाच कळते.

हात मोडला, मुरगळला, भाजला किंवा गांधीलमाशी चावली, तर मात्र बांगड्या तेव्हाच्या तेव्हा काढाव्यात, अगदी सूज दिसत नसली तरी. सूज पुढच्या काही तासांत येते. बांगडी खालून रुतली की रक्त परत फिरणे अडते, त्याने सूज आणखी वाढते आणि हे चक्र स्वतःहून थांबत नाही. बोटे निळसर, गार किंवा बधिर वाटू लागली तर उतरवण्याचे प्रयत्न सोडून बांगडी तोडण्याची वेळ आली असे समजावे आणि दवाखान्यात जावे. तिथे पोहोचणे शक्यच नसेल तर रीत अशी. बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये जाड कापडाची दुपदरी पट्टी सरकवायची. ती सरकत नसेल तर घरी तोडायचा विचार सोडून द्यावा. पट्टी सरकली तर बांगडीभोवती बाहेरून ओले कापड गुंडाळायचे, म्हणजे किरच्या उडत नाहीत. तोडायची जागा हाताच्या पाठीकडे घ्यायची, मनगटाच्या आतल्या बाजूला कधीही नाही. सगळ्यांनी डोळे मिटायचे किंवा चष्मा घालायचा आणि पकडीने कापडावरून बांगडी सावकाश चिमटायची. तडा गेल्यावर विरुद्ध बाजूलाही तसेच करायचे, म्हणजे दोन तुकडे सुटे होऊन बाहेर येतात. एकाच ठिकाणी तोडून उरलेली बांगडी फाकवायला जाऊ नये. काच फाकत नाही, ती भलतीकडे मोडते. दगडावर मनगट आपटून बांगडी फोडणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. तिथे कुठे तुटेल, किती धार आत येईल, यावर कोणाचाही ताबा नसतो.

घालतानाच टिचलेली बांगडी हातावर असेल आणि ती अजून जोडून धरलेली असेल, तर ती पंजावरून ओढून काढू नये. गाठींवर आली की तडा उघडतो आणि धार कातडीत शिरते. तिलाही वरच्याच रीतीने कापडात गुंडाळून हाताच्या पाठीवर तोडावे. कापले गेलेच, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच ठेवावा. काचेचा तुकडा आत रुतला असेल तर तो आपण ओढू नये. रक्त उसळून येत असेल, बोट हलत नसेल किंवा बोटांना स्पर्श कळत नसेल तर जखम वरून लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जावे, नस किंवा शीर कापली गेल्याची ती खूण असू शकते.

दुसरा आक्षेप रीतीचा आहे आणि त्याला उत्तर देणे मला सर्वांत गरजेचे वाटते. बांगड्या हे सौभाग्याचे लेणे, त्या काढायच्याच नसतात, मग उतरण्याच्या मापाची चर्चा कशाला, असे विचारले जाते. ज्या बाईला रिकामा हात अशुभ वाटतो तिच्या भावनेला मी कमी लेखत नाही. पण व्यवहार पाहिला तर तिचाच हात जास्त वेळा रिकामा होतो. गच्च बांगड्या घालणाऱ्या बाईला दवाखान्यात, सुजेत, अपघातात त्या फोडूनच काढाव्या लागतात, आणि फुटणे तर तिच्या दृष्टीने सर्वांत अशुभ. उतरणारे माप घातलेली बाई त्या अखंड काढून पदराच्या टोकाला बांधून ठेवते आणि गरज संपली की पुन्हा भरते. ज्यांना रिकामा हात सोसत नाही त्या मधल्या काळात मनगटाला हिरवा दोरा बांधतात. दोरा कात्रीने कापता येतो, सुजेबरोबर तो सैल करता येतो. रीत पाळायची असेल तर तिला सुद्धा सैल मापच जास्त सोयीचे आहे.

याच रीतीची दुसरी, कठोर बाजूही आहे. नवरा गेल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या तिला विचारल्याशिवाय फोडल्या जातात, बहुधा दगडावर, आणि त्या वेळी मनगट कापले तर त्याकडे पाहण्याचे भानही कोणाला नसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी त्याचा आदर्श घ्यावा असे सुचवले. त्या ठरावाचा विषय माप नव्हता, बाईची प्रतिष्ठा होता, आणि तसाच तो असायला हवा. तरीही बांगडी फोडण्याऐवजी काढता येते, ती काढायची की ठेवायची हे हात जिचा आहे तिने ठरवायचे, एवढे आधी मनात शिरावे लागते. ज्या घरात आयुष्यभर बांगडी फक्त भरली आणि फुटली, उतरली कधीच नाही, तिथे हा तिसरा पर्याय डोळ्यांपुढे येणे अवघड जाते.

तिसरा आक्षेप कासाराकडून येईल, की माप त्याला कळते, हात पाहताच कळते. तेही खरे. त्याच्या नजरेशी वाद घालायचा नाही, तिला एक प्रश्न विचारायचा आहे. पहिली बांगडी चढली की उरलेल्या अकरा भरण्याआधी त्याला थांबायला सांगावे. पाटावर बसल्या बसल्याच दुसऱ्या हाताने, फेस पुसून, ती बांगडी स्वतः उतरवून पाहावी. उतरली तर तीच पुन्हा घालून पुढच्या भराव्यात. अडली तर कासाराला वरचे माप काढायला सांगावे. त्याच्या पेटीत ते असतेच.